कर्व्ह उलटला, पण मंदी कुठे आहे?

जुलै २०२२ पासून सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ, अमेरिकी सरकारला दोन वर्षांसाठी पैसे उचलायचे तर जास्त व्याज द्यावं लागत होतं आणि दहा वर्षांसाठी कमी. एरवी मुदत जितकी लांब तितकं व्याज चढं असतं. वेगवेगळ्या मुदतींच्या सरकारी रोख्यांवरचा परतावा कागदावर मांडून बिंदू जोडले की जी रेषा मिळते ती यील्ड कर्व्ह. ती साधारणपणे डावीकडून उजवीकडे चढते. ती उतरू लागली की बाजाराच्या बातम्यांत ‘कर्व्ह उलटला’ असं येतं आणि बहुतेक वेळा त्याच वाक्यात ‘मंदी’ हा शब्दही येतो.

त्या दोन वर्षांत असे मथळे सतत येत राहिले. अमेरिकेत मंदी मात्र आली नाही. माझे मामा निवृत्त होईपर्यंत एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे रोखे घेण्या-विकण्याच्या विभागात होते. मी रोखेबाजाराच्या अभ्यासाचं काम करते. उलट्या कर्व्हचा इशारा किती मानायचा यावर आमचं एकमत झालेलं नाही. आमचं बोलणं जसं झालं तसं इथे देते आहे.

मी: मामा, आधी मुळाशी जाऊ. दहा वर्षं पैसे अडकवायचे आणि वर व्याजही कमी घ्यायचं, हा व्यवहार कुणी का करावा?

मामा: दोन वर्षांनी पैसे हातात येतील तेव्हा काय दर मिळेल याची धास्ती असते म्हणून. ३ जुलै २०२३ चे आकडे घे, त्या काळात कर्व्ह सर्वांत जास्त उलटला होता तो तेव्हाच. एक वर्षाचा परतावा साधारण ५.४ टक्के, दोन वर्षांचा ४.९४, दहा वर्षांचा ३.८६. म्हणजे दोन आणि दहा वर्षांत १०८ बेसिस पॉइंटचा फरक, तोही उलटा. आज ४.९४ वर खूश होऊन दोन वर्षांचा रोखा घेतलास आणि २०२५ मध्ये फेडरल रिझर्व्हने दर दोन टक्क्यांवर आणलेला असला, तर पुढची आठ वर्षं तुझे पैसे त्या दोन टक्क्यांच्या आसपासच फिरणार. दहा वर्षांचा रोखा घेणारा ३.८६ पक्के करून बसलेला असतो. दर खाली येणार असं पुष्कळांना वाटलं की सगळे लांब मुदतीच्या रोख्यांवर पडतात. त्यांची किंमत चढते आणि किंमत चढली की परतावा उतरतो. इकडे छोट्या मुदतीचा परतावा फेडच्या आजच्या दराला बांधलेला असतो, तो वरच राहतो. झाला कर्व्ह उलटा.

मी: आणि फेडने मार्च २०२२ मध्ये जवळजवळ शून्यावर असलेला दर जुलै २०२३ अखेर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला होता. म्हणजे डावी बाजू फेडने उचलली, उजवी बाजू बाजाराने दाबून धरली. इथवर आपलं एकच मत आहे. पण यातून निघतं ते एवढंच की बाजाराला दरकपात अपेक्षित होती. मंदी यात कुठून आली?

मामा: इतिहासातून आली. फेड मोठ्या प्रमाणात दर कधी कापते? अर्थव्यवस्था आजारी पडली की. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की १९५५ नंतरच्या प्रत्येक अमेरिकी मंदीआधी कर्व्ह उलटला होता, आणि उलटूनही मंदी आली नाही असं फक्त एकदा, साठच्या दशकाच्या मध्यात झालं. मंदी यायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागला. कँपबेल हार्वे यांनी शिकागो विद्यापीठातल्या १९८६ च्या प्रबंधात हा संबंध मांडला. पुढे एस्ट्रेला आणि मिश्किन यांनी न्यूयॉर्क फेडसाठी त्याचं गणित बसवलं. तीन महिने आणि दहा वर्षं यांच्या परताव्यातला फरक घ्यायचा आणि त्यावरून बारा महिन्यांनी मंदी असण्याची शक्यता काढायची. न्यूयॉर्क फेड ती शक्यता आजही दर महिन्याला प्रसिद्ध करते. आर्थिक अंदाजांच्या धंद्यात इतकं सातत्य दुसऱ्या कशात दाखव मला.

मी: सातत्य आहे, पण एकूण घटना किती? दहाच्या आसपास. त्यातही २०१९ मध्ये कर्व्ह उलटला आणि फेब्रुवारी २०२० पासून मंदी मोजली गेली, तीसुद्धा खात्यावर जमा केली जाते. रोखेबाजाराला कोरोना येणार हे ठाऊक होतं असं तुम्हीही म्हणणार नाही.

मामा: नाही म्हणणार. ती एक वजा कर.

मी: मग आता तुमच्याच आकड्यांवर थोडं गणित करू. चक्रवाढ बाजूला ठेवून सरासरीने चालू. पहिल्या वर्षाचा दर ५.४ आणि दोन वर्षांची सरासरी ४.९४, म्हणजे दुसऱ्या वर्षासाठी बाजार साधारण साडेचार टक्के धरून होता. दहा वर्षांचे ३.८६ प्रमाणे ३८.६ होतात. त्यातून पहिल्या दोन वर्षांचे ९.९ वजा केले की उरलेल्या आठ वर्षांना २८.७ राहतात, म्हणजे वर्षाला ३.६. थोडक्यात, बाजार म्हणत होता की दर ५.४ वरून साडेतीनच्या आसपास येतील आणि तिथे राहतील. २००८ च्या मंदीत फेडचा दर शून्याला टेकला होता, २०२० मध्येही. ३.६ हा आकडा मंदीचा वाटतो का तुम्हाला? जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेलेली महागाई उतरली की दर जिथे यायला हवेत, साधारण तिथलाच तो आकडा आहे. तेव्हा फेडचे स्वतःचे अधिकारी दीर्घकाळाचा दर अडीच टक्के धरत होते. बाजार तर त्याच्याही वर होता.

मामा: आकडा बरोबर काढलास, पण तो सरासरीचा आहे हे विसरलीस. दुसरी गोष्ट धरून बघ. २०२५ मध्ये मंदी आली, दोन वर्षं दर एक टक्क्यावर राहिला, मग अर्थव्यवस्था सावरली आणि पुढची सहा वर्षं दर साडेचारच्या जरा खाली राहिला. आठ वर्षांची सरासरी किती?

मी: दोन अधिक सव्वीस-सत्तावीस. भागिले आठ. ३.६.

मामा: तोच आकडा.

(इथे मी थांबले, कारण माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं हेच आहे आणि बातम्यांत ते कधी येत नाही. महागाई शांत झाल्याने दर हळूहळू उतरणं आणि मंदीमुळे ते कोसळून पुन्हा सावरणं, या दोन अगदी वेगळ्या भविष्यांचा कर्व्ह एकसारखाच दिसू शकतो. कर्व्ह दरांबद्दल बोलतो. दर का उतरणार, हे तो सांगत नाही.)

मी: मामा, तुम्ही माझं म्हणणं खोडलंत, पण त्याबरोबर तुमचंही कमकुवत केलंत. दोन्ही गोष्टींतून ३.६ च निघत असेल तर ३.६ वरून मंदीचा निष्कर्ष कसा काढायचा?

मामा: कर्व्हच्या आकारावरून नाही काढायचा, अनुभवावरून काढायचा. महागाई चढली, फेडने दर चढवले, आणि मग मंदीशिवाय दर खाली आले, असं १९६० नंतर किती वेळा घडलं? फार क्वचित. म्हणून विश्लेषक म्हणतात की दर उतरणार असतील तर बहुधा मंदीमुळेच उतरतील.

मी: म्हणजे इशारा कर्व्हचा नाही, फेडच्या सवयीचा आहे. आणि सवय ज्या परिस्थितीत लागली ती बदलली तर इशाऱ्याचं काय? आपल्याकडचंच घ्या. जुलै २०१३ मध्ये तुम्ही ट्रेझरीतच होतात.

मामा: होतो ना. रुपया घसरत होता म्हणून रिझर्व्ह बँकेने १५ जुलैला एमएसएफचा दर सव्वादहा टक्क्यांवर नेला. बँकांची रोकड आवळली. छोट्या मुदतीच्या ट्रेझरी बिलांचा परतावा दहा वर्षांच्या रोख्याच्या वर गेला. आमच्या डीलिंग रूममध्ये तेव्हा मंदीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कर्व्ह कशासाठी उलटवला आहे आणि रुपया सावरला की तो सुलटणार आहे, हे सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

मी: मग कारण माहीत असलं की आकाराला अर्थ राहत नाही, हे तुम्हीच अनुभवलंय.

मामा: अगं, थांब. तू कर्व्हला नुसता आरसा समजतेस. तो काही प्रमाणात कर्ताही असतो, आणि मला ते बँकेत बसून दिसलेलं आहे. बँक ठेवी घेते छोट्या मुदतीच्या आणि कर्जं देते लांब मुदतीची. मधला फरक हे तिचं पोट. कर्व्ह उलटला की ठेवींना जास्त द्यावं लागतं आणि नव्या लांब कर्जावर कमी सुटतं. मग बँक हात आखडते. छोट्या उद्योगाला कर्ज मिळत नाही, तो माणसं घेणं थांबवतो. मंदी अशी तयार होते. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेचं काय झालं?

मी: त्यांनी स्वस्त व्याजाच्या काळात लांब मुदतीचे रोखे भरून ठेवले होते. दर चढले, रोख्यांच्या किमती पडल्या. ८ मार्चला बँकेने सांगितलं की सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा सोसला आहे. ९ तारखेला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला लावले आणि १० तारखेला बँक बंद झाली. पण तोटा सगळेच दर चढल्यामुळे झाला, कर्व्ह उलटल्यामुळे नाही.

मामा: तोटा त्यामुळे. पण ठेवीदार आधीपासूनच का गळत होते? छोट्या मुदतीचे फंड पाच टक्क्यांच्या घरात परतावा देत असताना बँकेत पैसे का ठेवायचे? कर्व्हची डावी बाजू उचललेली असते तेव्हा बँकांना हा काच बसतो. त्याच उन्हाळ्यात फेडने बँकांच्या कर्ज अधिकाऱ्यांची पाहणी केली तेव्हा उद्योगांच्या कर्जाच्या अटी कडक केल्याचं सांगणाऱ्यांचं पारडं जवळपास पन्नास टक्क्यांनी जड होतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मी: सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि २०२४ मध्ये अर्थव्यवस्था २.८ टक्क्यांनी वाढली. न्यूयॉर्क फेडच्या त्या मॉडेलने २०२३ च्या मध्यावर पुढच्या वर्षी मंदी असण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास दाखवली होती. मामा, दरांचा मार लोकांपर्यंत पोचलाच नाही. इथे आपलं गृहकर्ज रेपोला बांधलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला तेव्हा पुण्या-ठाण्यातल्या घराघरांत हप्ता वाढला, नाहीतर मुदत वाढली. अमेरिकेत बहुतेकांचं गृहकर्ज तीस वर्षांचं आणि व्याज कायमचं ठरलेलं. २०२० आणि २०२१ मध्ये लोकांनी जुनं कर्ज फेडून तीन-साडेतीन टक्क्यांनी नवं घेतलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या गृहकर्जाचा दर पावणेआठच्या वर गेला, पण जुन्या कर्जदाराच्या हप्त्यात एक डॉलरही वाढला नाही. मोठ्या कंपन्यांनीही स्वस्त काळात लांब मुदतीचे पैसे उचलून ठेवले होते. उलट त्यांच्या हातातल्या रोकडीवर पाच टक्के सुटत होते. वर सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांहून मोठी. फेडने ब्रेक दाबला, पण चाकांना तो नीट लागला नाही.

मामा: हे सगळं आता कळतंय, झाल्यावर. २००६ मध्येही अशीच पटणारी कारणं होती. परदेशी मध्यवर्ती बँका अमेरिकी रोखे भरभरून घेतात म्हणून लांब मुदतीचा परतावा दबलेला आहे, असं सगळे म्हणत. त्याच्या आदल्याच वर्षी फेडचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांनी अमेरिकी संसदेपुढे या दबलेल्या परताव्याला कोडं म्हटलं होतं. मार्च २००६ मध्ये त्यांच्यानंतरचे अध्यक्ष बर्नांके यांनी न्यूयॉर्कच्या इकॉनॉमिक क्लबमध्ये सांगितलं की कर्व्ह सपाट झाला म्हणून मोठी मंदगती येईल असं त्यांना वाटत नाही. त्या वर्षी कर्व्ह बराच काळ उलटा राहिला. २००७ मध्ये शेअर बाजार ऑक्टोबरपर्यंत चढतच होता आणि कर्व्हला धरून बसणारे लोकांना जुनाट वाटत होते. मंदी सुरू झाली डिसेंबर २००७ मध्ये. आणि ती सुरू झाली होती हे अधिकृतपणे जाहीर कधी झालं? एक वर्षाने, १ डिसेंबर २००८ ला. यावेळी वेगळं आहे, असं म्हणणाऱ्यांचा मला म्हणून धाक वाटतो.

मी: तो धाक मला मान्य आहे. पण यावेळी वेगळं आहे असं जाहीरपणे म्हणणाऱ्यांत खुद्द हार्वे होते. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी सांगितलं की त्यांचाच निर्देशक बहुधा खोटा इशारा देतो आहे. त्यांनी दिलेलं एक कारण मला फार पटलं. हा इशारा आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. कंपन्या तो ऐकून आधीच सावध होतात, नको तितकी भरती करत नाहीत, डोक्यावर कर्ज चढवत नाहीत. मग धक्का बसला तरी कोसळण्यासारखं फारसं काही उरत नाही. १९८६ मध्ये हा इशारा फक्त प्रबंधात होता, आता तो रोज टीव्हीच्या पट्टीवर धावतो.

मामा: मग इशारा खोटा कसा? ऐकला म्हणून संकट टळलं असेल तर तो उपयोगी पडला.

मी: उपयोगी पडला असेल. पण मग मंदी आली तरी कर्व्ह बरोबर आणि टळली तरी कर्व्ह बरोबर. असं विधान तपासायचं कसं? मला मुदतीबद्दलही हाच प्रश्न आहे. सहा महिने ते दोन वर्षं ही फार मोठी खिडकी आहे. जुलै २०२२ मध्ये मथळा वाचून ज्याने सगळे शेअर विकले तो पुढची दोन वर्षं बाजार चढताना बाहेर उभा राहिला.

मामा: शेअर विक असं कर्व्हने कधीच सांगितलं नाही, ते मथळ्याने सांगितलं. आणि मथळ्यात दुसरीही एक चूक असते. कुठल्या दोन मुदती हे ते लिहितच नाहीत. दोन आणि दहा वर्षांची जोडी १ एप्रिल २०२२ च्या सुमारास थोडा वेळ उलटली, मग जुलैपासून टिकून राहिली. तीन महिने आणि दहा वर्षांची जोडी, जिच्यावर खरं संशोधन उभं आहे, ती ऑक्टोबरअखेर उलटली. दोन वर्षांच्या परताव्यात फेड पुढे काय करील याचा अंदाज आधीच मिसळलेला असतो. तीन महिन्यांचा परतावा म्हणजे फेड आज कुठे आहे ते. दोन्हींचा अर्थ एक नाही. मी ट्रेझरीत असताना नव्या पोरांना आधी हेच विचारायचो, फरक कुठल्या दोन टोकांचा सांगतोस.

मी: इथे मी तुमच्या बाजूने आहे. आणि मला वाटतं, उलटण्यापेक्षा कर्व्ह पुन्हा सुलटा होतो तो क्षण जास्त बोलतो. २००७ मध्ये तो सुलटा झाला तो डावी बाजू पडल्यामुळे. फेड दर कापणार, मग कापते आहे, हे बाजाराला दिसलं आणि छोट्या मुदतीचा परतावा घसरला. आता २०२४ बघा. ऑगस्टच्या सुरुवातीला बेरोजगारी ४.३ टक्के झाल्याची बातमी आली, जगभर बाजार कोसळले, टोकियोचा निक्केई ५ ऑगस्टला एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त पडला.

मामा: तेव्हा मी तुला फोन केला होता.

मी: हो, आणि ‘आली’ एवढंच म्हणालात. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन-दहा सुलटा झाला, १८ तारखेला फेडने अर्धा टक्का कापला. इथवर २००७ सारखंच. पण पुढे काय झालं? दहा वर्षांचा परतावा उतरायच्या ऐवजी सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारी २०२५ पर्यंत ३.६ च्या आसपासहून ४.८ वर गेला. म्हणजे डावी बाजू पडलीच, पण उजवी बाजूही उचलली गेली. वाढ टिकेल, महागाई पूर्ण मरणार नाही, सरकार आणखी रोखे काढत राहील, असं बाजार म्हणत होता. मंदीला घाबरलेला बाजार लांब मुदतीचे रोखे विकत नाही, ते घ्यायला धावतो.

मामा: हे वाचन चांगलं आहे. पण तुला ते कळलं कधी? जानेवारीत. ऑगस्टमध्ये ज्याला कर्ज द्यायचं की नाही ते ठरवायचं होतं, त्याच्या काय उपयोगाचं? कर्व्ह जुलै २०२२ मध्येच बोलला, म्हणून मी त्याला किंमत देतो. तुझी खूण उशिरा येते.

मी: उशिरा येते, पण दर का हलताहेत ते सांगते. आणि त्या ऑगस्टमध्येही बघण्यासारखं दुसरं होतंच. कर्ज अधिकाऱ्यांच्या पाहणीत अटी कडक करणाऱ्यांचं पारडं आदल्या वर्षीपेक्षा पुष्कळ हलकं झालं होतं. तुम्ही म्हणता तसा कर्व्ह बँकांच्या मार्फत मारत असेल, तर मार बसतो आहे की नाही हे त्या पाहणीत दिसायला हवं. २००७ मध्ये ते पारडं जड होत चाललं होतं.

मामा: हे मात्र खरं. मग पुढच्या वेळी कर्व्ह उलटला की तू तीन महिन्यांनी ती पाहणी काढून मला दाखवायची. अटी कडक होत असतील तर मी म्हणतो ते ऐकायचं.

मी: आणि कडक होत नसतील तर?

मामा: तर त्या देशातली कर्जं कायम दराची आहेत की बदलत्या, ते आधी बघू. २०२० मध्ये तीन टक्क्यांनी घेतलेली ती गृहकर्जं काही जन्मभर पुरणार नाहीत. लोक घरं विकतील, नवं कर्ज नव्या दराने घेतील. ब्रेक तेव्हा चाकांना लागेल.